फ्रिजचा प्रश्न नंतरचा. अंडे धुतले होते का, ते आधी विचारा

बंगळूरूच्या होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या एचएसआर लेआउटमध्ये माझी भाची राहते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे मुक्कामाला असताना तिने मला एक प्रश्न विचारला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तीस अंड्यांचे ट्रे दिवसभर उघड्यावर एकावर एक रचलेले असतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. मोबाइलवर मागणी नोंदवली, की दहा-पंधरा मिनिटांत येणारी सहा अंड्यांची बंद पेटी मात्र शीतकपाटातून निघालेली, थंडगार असते. ‘मामा, या दोघांपैकी चूक कोणाची?’ असे तिचे विचारणे होते. मी तिला म्हणालो, की कदाचित दोघांचीही नसेल आणि कदाचित दोघांचीही असेल. ते अंडे धुतले होते का आणि वाटेत त्याचे तापमान किती वेळा बदलले, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

हे उत्तर तिला टाळाटाळीचे वाटले. परंतु आपल्या विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शहरात गावरान अंडी पाठवू लागलेल्या कुक्कुटपालकांनी नेमके हेच उत्तर नीट समजून घ्यावे, असे माझे मत आहे. ‘अंडी स्वच्छ धुऊन विका’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. शीतसाखळी हाताशी नसलेल्या शेतकऱ्याला दिलेला हा सल्ला चुकीचा आहे, असे मी या लेखात मांडणार आहे.

प्रथम कवचाकडे पाहू. अंड्याचे कवच अखंड भिंतीसारखे दिसत असले तरी त्यात साधारणपणे सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या संभाव्य पिल्लाला श्वास घेता यावा, ही त्यामागची निसर्गाची सोय आहे. अंडे बाहेर पडण्यापूर्वीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत कोंबडीच्या गर्भाशयात या कवचावर प्रथिनयुक्त पदार्थाचा एक अत्यंत पातळ लेप चढतो. शास्त्रीय भाषेत त्याला क्युटिकल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम दहा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. नुकतेच घातलेले अंडे ओलसर चमकते ते या लेपामुळे. काही मिनिटांत तो वाळतो आणि छिद्रांची तोंडे बुजवतो. त्यातून वायू आणि थोडी बाष्प जाऊ शकते, पण पाणी आणि पाण्याबरोबरचे जिवाणू सहजासहजी आत शिरू शकत नाहीत. हा लेप सर्व अंड्यांवर सारखा नसतो. वय झालेल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर तो विरळ असतो आणि एकाच अंड्यावरही कुठे दाट, कुठे तुटक असू शकतो. ओल्या फडक्याने घासले, काथ्याने चोळले किंवा पॉलिश पेपर फिरवला, तर उरलासुरला लेपही निघून जातो. तपकिरी अंडे घासताना फडक्याला रंग लागतो. त्या रंगाचा काही भाग याच बाह्य थरांत असतो. म्हणजे रंग निघू लागला की लेपही निघू लागला, असे समजावे.

अंडे टिकणे म्हणजे काय, याचाही उलगडा करून घ्यायला हवा. अंड्याच्या आत दोन वेगवेगळी घड्याळे चालू असतात. पहिले घड्याळ ताजेपणाचे. अंडे घातल्या क्षणापासून त्यातील कार्बन डायऑक्साइड छिद्रांवाटे बाहेर जाऊ लागतो, पांढरा बलक अधिकाधिक अल्कधर्मी होतो आणि त्याचा घट्ट भाग पातळ होत जातो. पाणी उडून गेल्याने बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते. या घड्याळाचा वेग मुख्यतः तापमान ठरवते. पांढऱ्या बलकाची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून ‘हॉ एकक’ काढले जाते. अमेरिकेतील रेमंड हॉ यांनी ही पद्धत १९३७ मध्ये मांडली. ताज्या अंड्याचे हे एकक ९० च्या आसपास असू शकते आणि ७२ च्या वरचे अंडे तेथे सर्वोत्तम प्रतीचे मानले जाते. तीस अंशांच्या जवळपासच्या खोलीत दहा दिवस ठेवलेल्या अंड्याचे एकक निम्म्याच्या आसपास घसरू शकते. फ्रिजमध्ये तेवढ्याच दिवसांत होणारी घट बरीच कमी असते. खोलीतला एक दिवस म्हणजे फ्रिजमधला जवळजवळ एक आठवडा, हा ढोबळ आडाखा याच घड्याळाबद्दलचा आहे.

दुसरे घड्याळ जिवाणूंचे. ते केवळ तापमानावर चालत नाही. जिवाणू आत शिरले की नाही, यावर ते सुरू होते. शिरण्यासाठी त्यांना ओलावा लागतो आणि उघडे छिद्र लागते. क्युटिकल शाबूत आणि कवच कोरडे असेल, तर हे घड्याळ बहुतेक अंड्यांत सुरूच होत नाही. धुण्याचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या घड्याळाशी निगडित आहे. न धुतलेले अंडे खोलीत ठेवले तर ते शिळे होते, परंतु सहसा सडत नाही. चुकीच्या रीतीने धुतलेले अंडे मात्र दिसायला ताजे असतानाच आतून सडू शकते.

निपाणी भागातील एका तरुण कुक्कुटपालकाचा अनुभव येथे सविस्तर सांगतो. त्याच्याकडे गावरान पद्धतीच्या सुमारे चारशे कोंबड्या आहेत. एचएसआर लेआउटमधील एका विक्रेत्याशी त्याचे ठरले आणि आठवड्यातून दोनदा अंडी रात्रीच्या गाडीने बंगळूरूला जाऊ लागली. ग्राहकांना अंड्यावर डाग चालत नाहीत, म्हणून विक्रेत्याने धुऊन पाठवण्याचा आग्रह धरला. दुसऱ्याच महिन्यात तक्रारी आल्या. बहुतेक अंडी उत्तम. पण प्रत्येक खेपेत काही अंडी अशी निघत, की फोडताच वास येई आणि पांढरा बलक हिरवट झालेला असे. शेतकऱ्याचे निदान असे, की प्रवासातील उकाड्याने अंडी खराब होतात. विक्रेत्याचे म्हणणे असे, की अंडी नीट धुतली जात नाहीत, आणखी घासून धुवा.

दोन्ही निदाने चुकीची होती आणि ते अंड्यांवरूनच कळण्यासारखे होते. दोष उकाड्याचा असता, तर एका खेपेतील सगळीच अंडी कमी-अधिक सारखी उतरली असती. सर्वांचा पांढरा बलक पातळ झाला असता आणि पिवळा चपटा पडला असता. येथे मात्र बहुसंख्य अंडी चांगली आणि मोजकी पूर्ण सडलेली, अशी विभागणी होती. अशी विभागणी दिसली की कारण बाहेरून शिरलेल्या जिवाणूंत शोधावे. हिरवट बलक ही स्युडोमोनास गटातील जिवाणूंची ओळखीची खूण आहे. हे जिवाणू पाण्यात आणि ओलसर जागी वाढतात, आणि थंडाव्यातही वाढू शकत असल्याने फ्रिज त्यांना पूर्णपणे रोखत नाही.

मग त्याची धुण्याची रीत पाहिली. सकाळी गोळा केलेली अंडी अजून कोमट असतानाच तो ती बोअरवेलच्या पाण्याच्या बादलीत टाकी. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे एकेचाळीस अंश असते आणि ताज्या अंड्यात त्याची ऊब काही काळ राहते. असे अंडे त्याहून गार पाण्यात पडले की आतील द्रव आणि हवा आकुंचन पावतात, आत किंचित पोकळी निर्माण होते आणि बाहेरचे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. त्या पाण्याबरोबर विष्ठेतील आणि बादलीतील जिवाणूही जातात. शिवाय एकाच बादलीत तीन-तीनशे अंडी धुतल्याने एका घाणेरड्या अंड्यावरचे जिवाणू बाकीच्या स्वच्छ अंड्यांनाही लागत होते. पाणी लोहयुक्त होते. बादलीच्या कडेला तांबूस थर स्पष्ट दिसत होता. पांढऱ्या बलकातील एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते आणि जिवाणूंची उपासमार करते, ही अंड्याची स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे. धुण्याच्या पाण्याबरोबर लोह आत गेले, की ती व्यवस्था कमकुवत होते. म्हणूनच अमेरिकेत धुण्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण दशलक्षात दोन भागांपेक्षा जास्त नसावे, असा दंडक आहे. शेवटी ही अंडी एकाच ओल्या फडक्याने पुसून दमट असतानाच ट्रेमध्ये भरली जात. कमी धुणे हे येथे कारण नव्हते, मुळात अशा रीतीने धुणे हेच कारण होते.

बंगळूरूत पोहोचल्यावर त्यात आणखी एक भर पडत होती. विक्रेता अंडी शीतकपाटात ठेवी, मागणी आली की बाहेर काढून दुचाकीवर पाठवी, आणि ग्राहक ती पुन्हा फ्रिजमध्ये ठेवी. पावसाळ्यात बंगळूरूची हवा पंचवीस अंश आणि सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्के धरली, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे एकोणीस अंश येतो. सहा अंशांवरचे अंडे अशा हवेत आले, की त्याचा पृष्ठभाग एकोणीस अंशांवर जाईपर्यंत त्यावर दव साचत राहते. शीतपेयाच्या बाटलीला सुटतो तसाच हा घाम. ज्या अंड्याचा लेप निघालेला आहे, त्याच्यासाठी हे दुसऱ्यांदा धुणेच ठरते. युरोपीय संघाच्या २००८ च्या अंडी विपणन नियमांत ‘अ’ वर्गाची अंडी सर्वसाधारणपणे धुऊ नयेत आणि पाच अंशांच्या खाली थंड करू नयेत असे म्हटले आहे, त्यामागे हेच कारण आहे. थंड अंडे बाहेर काढल्यावर दव धरते आणि जिवाणूंना वाट मिळते, असे त्या नियमांच्या प्रस्तावनेतच नमूद आहे.

आता यावर हमखास विचारले जाते, की अमेरिकेत तर अंडी धुतात आणि फ्रिजमध्येच विकतात, मग ते चुकतात काय? चुकत नाहीत, कारण ते अर्धेच काम करून थांबत नाहीत. तेथे धुण्याचे पाणी किमान ३२ अंशांचे आणि अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी अधिक गरम असावे लागते, म्हणजे आतली हवा प्रसरण पावते आणि पाणी आत ओढले जात नाही. पाणी वाहते ठेवले जाते, अंडी लगेच वाळवली जातात आणि काही ठिकाणी लेपाची उणीव भरून काढण्यासाठी खाद्यप्रतीच्या खनिज तेलाचा पातळ थर दिला जातो. त्यानंतर सुमारे सात अंशांची शीतसाखळी दुकानापर्यंत सांभाळली जाते. युरोपने दुसरा मार्ग निवडला: धुऊ नका, लेप राखा, तापमान स्थिर ठेवा आणि अंडे घातल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत वापरा. दोन्ही मार्ग आपापल्या जागी सुसंगत आहेत. आपण मात्र अमेरिकेचे धुणे आणि युरोपचे उघड्यावर ठेवणे एकत्र आणतो आणि दोन्हींचा तोटा पदरात पाडून घेतो.

तरीही ‘युरोपात फ्रिज लागत नाही, मग आपल्यालाही लागत नाही’ हा निष्कर्षही मला मान्य नाही. तेथील खोलीचे तापमान वीस अंशांच्या आसपासचे आणि आपल्या विदर्भातील मे महिन्याचे तापमान यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरे म्हणजे साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू कवचावाटे येण्याऐवजी बाधित कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात येऊ शकतो. तेथे क्युटिकल कितीही शाबूत असले तरी उपयोग नाही. पांढऱ्या बलकात हा जिवाणू सहसा फारसा वाढत नाही, पण पिवळ्या बलकावरचे पटल जुने होऊन झिरपू लागले, की त्याला मुबलक अन्न मिळते. वीस अंशांना हे पटल साधारण तीन आठवडे टिकाव धरते. तापमान वाढले की ही मुदत झपाट्याने कमी होते. सात अंशांच्या खाली साल्मोनेलाची वाढ जवळजवळ थांबते. ब्रिटनने १९९८ पासून कोंबड्यांच्या लसीकरणाची जोड देऊन हा धोका मोठ्या प्रमाणात कमी केला. आपल्या लहान कळपांत अशी लस आणि नियमित तपासणी गृहीत धरता येत नाही. म्हणून माझे मत असे, की घरात आलेले अंडे आठवडाभरात संपणार नसेल तर, आणि उन्हाळ्यात तर नेहमीच, फ्रिजमध्ये ठेवावे. एकदा ठेवले, की शिजवण्याच्या वेळीच बाहेर काढावे. फ्रिजच्या दारातील खाचांत तापमान सतत खालीवर होते, त्यापेक्षा आतल्या कप्प्यात पेटीसकट ठेवणे बरे.

पाण्यात अंडे तरंगते की बुडते, ही घरगुती चाचणी फक्त पहिले घड्याळ वाचते. तरंगणाऱ्या अंड्याची हवेची पोकळी मोठी झाली आहे, म्हणजे ते जुने आहे, एवढेच तिच्यावरून कळते. साल्मोनेला असलेले ताजे अंडे तळाशी आडवे बसते आणि त्याला वासही येत नाही. त्यामुळे बुडाले म्हणजे कच्चे खाण्यास सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवणे हाच त्यावर भरवशाचा उपाय आहे.

निपाणीच्या शेतकऱ्याने पुढे काय केले? त्याने बादली बंद केली. चार-पाच कोंबड्यांमागे एक, या हिशेबाने अंडी घालण्याची खोकी वाढवली, त्यांत भाताचे कोरडे तूस घालून ते वारंवार बदलू लागला आणि दिवसातून एकदा होणारी गोळाबेरीज चार वेळा करू लागला. जमिनीवर सापडलेली आणि विष्ठा लागलेली अंडी तो वेगळी काढून गावातच, लगेच शिजवण्यासाठी, कमी भावाने देतो. किरकोळ सुका डाग असेल तर कोरड्या फडक्याने अलगद टिपतो. अंडी निवाऱ्यात पूर्ण थंड झाल्यावरच ट्रेमध्ये, निमुळते टोक खाली ठेवून भरतो. पाठवण्याच्या दिवसापर्यंत ती ओल्या वाळूत अर्धे पुरलेल्या माठांत ठेवतो. माठाची आतली बाजू मात्र कोरडी राहील याची काळजी घेतो, कारण आत ओल धरली तर बुरशी येते. विक्रेत्यालाही त्याने एक अट घातली: अंडी शीतकपाटात ठेवायची असतील तर ग्राहकाच्या दारापर्यंत थंड पिशवीतूनच पोहोचवा, नाहीतर सावलीतल्या गार जागी ठेवून आठवड्यात विका. सडक्या अंड्यांच्या तक्रारी त्यानंतर थांबल्या. एकाच वेळी खोकी, गोळा करण्याची वेळ आणि पाणी असे सगळेच बदलल्याने यातील कोणत्या बदलाचा वाटा किती, हे मात्र या अनुभवावरून सांगता येणार नाही.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. एकाच दिवशी घातलेली तीस स्वच्छ अंडी घ्या. दहा तशीच ठेवा, दहा कोमट पाण्याने घासून धुऊन वाळवा, आणि दहा तशीच धुऊन, वाळल्यावर त्यांना खाद्यप्रतीच्या तेलाचे बोट पुसा. प्रत्येक गटाचे एकत्र वजन करा आणि सर्व ट्रे एकाच खोलीत ठेवून दहाव्या दिवशी पुन्हा वजन करा. उबदार खोलीत दहा अंड्यांच्या गटामागे रोज एक-दोन ग्रॅमच्या घरात पाणी उडते. तेल लावलेल्या गटात ही घट स्पष्टपणे कमी दिसेल. धुतलेल्या आणि न धुतलेल्या गटांतील फरक मात्र लहान असू शकतो. त्यावरून धुणे निरुपद्रवी आहे, असे कोणी समजू नये. वजनातील घट पहिल्या घड्याळाची आहे आणि धुण्याची खरी किंमत दुसऱ्या घड्याळात मोजावी लागते.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ‘धुऊन विका’ हा सल्ला मागे घ्यावा आणि त्याऐवजी ‘स्वच्छ अंडे घालून घ्या’ असे सांगावे. कारण स्वच्छता खोक्यातून येते, बादलीतून येत नाही. आणि शहरात पेटीबंद अंडी विकणाऱ्या प्रत्येकाने पेटीवर अंडे घातल्याची तारीख आणि ‘धुतलेले’ अथवा ‘न धुतलेले’ हे शब्द ठळकपणे छापावेत. जो धुतो, त्याने ग्राहकाच्या दारापर्यंतच्या थंडाव्याची जबाबदारीही घ्यावी. एवढे पेटीवर वाचता आले असते, तर भाचीला मला विचारण्याची गरजच पडली नसती.